सल्ला सदर : "सायन्स घे, मग पुढे काय करायचं ते कर"

पत्र : मुलीला यंदा दहावीला ८७.६० टक्के मिळाले. मराठी ९३, हिंदी ८८, इंग्रजी ८६, गणित ७४, विज्ञान ७७, सामाजिक शास्त्रं ९४. आम्ही सांगली भागातले, मी सरकारी खात्यात क्लार्क, मिसेस घरीच क्लासेस घेतात. आमचं दोघांचंही म्हणणं की तिने सायन्स घ्यावं, कारण सायन्स घेतलं की सगळे दरवाजे उघडे राहतात, नंतर आर्ट्सला कधीही जाता येतं. तिला आर्ट्स घेऊन सायकॉलॉजी करायचंय. माझ्या मोठ्या भावाने मधला मार्ग सुचवला की कॉमर्स घ्या. एका इंटिग्रेटेड क्लासची दोन वर्षांची फी पावणेतीन लाख सांगितलीय, ती भरायची माझी तयारी आहे. घरात दोन आठवडे नीट बोलणं नाही. फॉर्म भरायची वेळ आलीय. मी तिच्या भल्याचंच बघतोय ना?
— एक बाबा

उत्तर :

तिच्या भल्याचंच बघताय, त्यात मला शंका नाही. पण घरात एवढी चर्चा होऊनही एक प्रश्न बहुतेक कुणी तिला विचारलेला नाही, तो आज संध्याकाळीच विचारा. तिला सायकॉलॉजिस्ट व्हायचंय की सायकियाट्रिस्ट? दहावीच्या मुलांच्या डोक्यात या दोन गोष्टी एकच असतात, मोठ्यांच्याही असतात, आणि इथे तर सगळा निर्णयच त्यावर फिरतो. सायकियाट्रिस्ट म्हणजे आधी एमबीबीएस डॉक्टर आणि मग मानसोपचारात एमडी, तो औषधं लिहून देतो, हॉस्पिटलला पेशंट अॅडमिट करतो. त्यासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि नीटची परीक्षा, दुसरा रस्ता नाही. सायकॉलॉजिस्ट किंवा कौन्सेलर मात्र बोलून, टेस्ट घेऊन, थेरपीने काम करतो, आणि तो रस्ता बीए सायकॉलॉजीवरून सरळ जातो, बारावीला फिजिक्स लागत नाही.

ती जर म्हणाली की मला डिप्रेशनच्या पेशंटला औषधं देऊन बरं करायचंय, हॉस्पिटलमध्ये काम करायचंय, तर तुमचं बरोबर आहे आणि तिनेच पुन्हा विचार करायला हवा. म्हणाली की मला लोकांशी बोलायचंय, शाळेतल्या मुलांबरोबर काम करायचंय, तर मग सायन्सची गरजच राहत नाही. आणि तिला दोन्हीतला फरकच माहीत नसेल तर भांडण थांबवून दोघांनी मिळून एक दिवस हेच शोधा. सांगली-मिरजेत दोन्ही प्रकारचं काम करणारी माणसं आहेत, वेळ मागितलात तर अर्धा तास देतात. जाताना बरोबर जा, पण तिथे प्रश्न तिला विचारू द्या.

आता दरवाजांचं. "सायन्सने सगळे दरवाजे उघडे राहतात" हे मी प्रत्येक जूनमध्ये ऐकते, आणि कागदावर ते खरंही आहे. पण नेमके कोणते दरवाजे, हे कुणी लिहून काढत नाही, म्हणून ते वाक्य आहे त्यापेक्षा मोठं वाटतं. एक वही घ्या आणि उलटीकडून जा. म्हणजे स्ट्रीमपासून सुरुवात न करता तुमच्या आणि तिच्या मनात येतात त्या पाच-सहा डिग्र्या लिहा आणि प्रत्येकीपुढे बारावीला कोणते विषय लागतात ते लिहा. सायन्सशिवाय जे खरंच बंद होतं ते हे : इंजिनिअरिंग, एमबीबीएस आणि बाकीचे मेडिकलचे कोर्स, फार्मसी, अॅग्री, बीएस्सी नर्सिंग, आर्किटेक्चर, आणि फिजिक्स-केमिस्ट्री-बायोसारख्या विषयातली बीएस्सी. ही यादी मोठी आहे, मी ती लहान करून दाखवत नाहीये. आणि आर्ट्स घेतल्यावर पुढे सायन्सला परत येणं जवळपास होत नाही हेही तिला स्पष्ट सांगा, ते लपवून घेतलेला होकार काही कामाचा नाही.

पण त्याच वहीत दुसऱ्या बाजूला बघा. पाच वर्षांचं लॉ कुठल्याही शाखेच्या बारावीवर होतं, सीईटी द्यायची आणि खुल्या गटाला बारावीला ४५ टक्के लागतात. बीबीए, बीएमएस, बीसीए यांना २०२४ पासून राज्यात वेगळी सीईटी सुरू झालीय आणि तीही कुठल्याही शाखेला चालते, म्हणजे कॉम्प्युटरकडे जायचा एक रस्ता आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनाही आहे. डिझाइनसाठी आयआयटी मुंबई घेते ती यूसीड आणि एनआयडीची परीक्षा, दोन्हीला शाखेची अट नाही. सीए फाउंडेशन कुठल्याही शाखेतून बारावी झालेल्याला देता येते, त्यासाठी कॉमर्स हवंच असं नाही. एमपीएससी, यूपीएससीला फक्त डिग्री लागते. हॉटेल मॅनेजमेंट, जर्नालिझम, सोशल वर्क, सगळं उघडं.

तर मग खरा प्रश्न असा उरतो : जे दरवाजे सायन्सशिवाय बंद होतात, त्यातल्या एखाद्यातून तुमची मुलगी जायची शक्यता किती? पहिल्या यादीतली एकेक ओळ तिच्यासमोर ठेवा आणि विचारा, यातलं काही आहे का ज्याचं तुला थोडं तरी आकर्षण आहे. फार्मसी, आर्किटेक्चर, अॅग्री, एकेक. तिने एकाही ओळीवर बोट ठेवलं नाही तर तुम्ही पावणेतीन लाख अशा दारांसाठी भरताय ज्यातून कुणी जाणार नाहीये.

आणि दार उघडं ठेवायलाही किंमत पडते, फी सोडून. मी ज्युनियर कॉलेजला शिकवायचे तेव्हा एक मुलगी होती, साधारण असेच मार्क, असंच "आधी सायन्स कर मग बघू". अकरावीच्या पहिल्या युनिट टेस्टला फिजिक्समध्ये नापास, मग क्लास बदलला, मग दुसरा क्लास, बारावीला कशीबशी ५६ टक्के. त्यानंतर घरच्यांनी म्हटल्याप्रमाणे ती आर्ट्सला आली खरी, पण पुण्यातल्या ज्या कॉलेजात तिला सायकॉलॉजी हवं होतं तिथल्या मेरिट लिस्टमध्ये तिच्या पुढे आर्ट्स करून ऐंशीच्या वर मार्क घेतलेली मुलं होती. तिने ज्या विषयात सहज पंच्याऐंशी काढले असते ते विषय तिने दोन वर्षं वाचलेच नव्हते. कागदावर तिचं दार उघडंच होतं, लिस्टमध्ये नाव नव्हतं. त्यातही त्या दोन वर्षांत तिने स्वतःला "मी ढ आहे" असं ठरवून टाकलं होतं, आणि ते पुसायला मार्कांपेक्षा जास्त वेळ गेला.

तुमच्या मुलीचंही असंच होईल असं मी म्हणत नाहीये. म्हणून मार्कशीट परत एकदा बघूया. ८७.६० हा बेस्ट ऑफ फाइव्हचा आकडा आहे, म्हणजे सहापैकी चांगले पाच विषय धरलेत आणि जो विषय बाहेर पडलाय तो नेमका गणित. सायन्सला जो विषय सगळ्यात जास्त लागणार आहे तोच तुमच्या टक्क्यांत नाहीये! शिवाय गणिताच्या ७४ मध्ये शाळेने द्यायचे वीस असतात, ते बहुतेक मुलांना जवळजवळ पूर्ण मिळतात. तसे तिलाही मिळाले असं धरलं तर लेखी ऐंशीपैकी साधारण ५४-५५. वाईट अजिबात नाहीत हो. पण अकरावी सायन्सचं गणित आणि फिजिक्स दहावीपेक्षा एकदम चढं असतं, आणि या मार्कांवर आवड नसताना तो चढ चढणं कठीण जातं. आवड असेल तर जमतं, अशीही मुलं मी बघितलीत, सत्तरवाली पुढे छान इंजिनिअर झाली. फरक आवडीने पडतो आणि ती आवड तुम्ही फी भरून आणू शकत नाही.

अंदाजावर भांडण्यापेक्षा सरळ करून बघा. बालभारतीच्या साइटवर अकरावीची पुस्तकं फुकट डाउनलोड होतात, books.ebalbharati.in वर. फिजिक्सचं पुस्तक काढा, त्यात सुरुवातीलाच "मॅथेमॅटिकल मेथड्स" आणि त्यानंतर "मोशन इन अ प्लेन" हे धडे आहेत, व्हेक्टर आणि थोडं कॅल्क्युलस तिथूनच सुरू होतं. तिने चार-पाच दिवस रोज दोन तास त्यावर बसायचं, युट्यूबवरचं एखादं लेक्चर बघायचं, उदाहरणं स्वतः सोडवायची. मग तेवढेच दिवस मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र. आणि इथे दोघांनीही बघायची गोष्ट वेगळी आहे : किती उत्तरं बरोबर आली हे नाही, तर अडल्यावर ती काय करते. अडलं की पुस्तक मिटते, की चिडचिड करत का होईना परत येऊन बसते? ज्या विषयात ती अडूनही परत येते तो विषय तिचा.

अर्थशास्त्र मी मुद्दाम सांगितलं, कारण आता मला तुमच्या मुलीलाही काही विचारायचंय आणि हा परिच्छेद तिला वाचायला द्या. बाळा, तू आर्ट्सकडे जातेयस की गणितापासून पळतेयस? राग मानू नकोस, पळणं हेही समजण्यासारखं कारण आहे, पण मग ते चालणार नाही, कारण सायकॉलॉजीत गणित आहे. बीएच्या सायकॉलॉजीत स्टॅटिस्टिक्स येतं, एमएला जास्त येतं, टेस्ट कशी बनवायची, दोन गटांतला फरक खरा की योगायोग, हे सगळं आकड्यांवर चालतं. अकरावीच्या अर्थशास्त्रातसुद्धा विभाजन मूल्यांचा धडा आहे, क्वार्टाइल-डेसाइल काढायचे असतात. तो धडा सोडवून बघ. तो जमला, आणि कंटाळा आला तरी भीती वाटली नाही, तर तुझा निर्णय पक्का. तो बघून पोटात गोळा आला तर आर्ट्स घेऊ नकोस असं नाही म्हणत मी, पण आत्तापासून त्यावर काम करावं लागेल हे धरून चल.

आणि दुसरं, बीए सायकॉलॉजी केलं की कौन्सेलर झालो असं नसतं. बीए तीन वर्षं, नव्या धोरणात चार वर्षांचा पर्यायही आहे, मग एमए दोन वर्षं, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया म्हणजे आरसीआयची मान्यता असलेला कोर्स आणि त्यांच्याकडे नोंदणी लागते, त्या जागा कमी असतात आणि एंट्रन्स असते. म्हणजे एमएपर्यंतच आजपासून सातेक वर्षांचा हिशोब, क्लिनिकलला त्याहून जास्त. शाळेत किंवा एनजीओत कौन्सेलर, कंपनीत एचआर, हे एमएवर सुरू होतं पण सुरुवातीचा पगार फार नसतो. हे सगळं तू बाबांना स्वतः एका कागदावर लिहून दाखव, वर्ष, कोर्स, अंदाजे खर्च. त्यांची भीती "आर्ट्सने काही होत नाही" अशी आहे, आणि ती भीती "मला आवडतं" या उत्तराने जात नाही, ती अशा कागदाने थोडी तरी जाते.

बाबा, आता परत तुमच्याकडे. तुमच्या भावांनी सुचवलेला कॉमर्सचा मधला मार्ग प्रेमाने सुचवलाय पण मला तो सगळ्यात कच्चा वाटतो. कॉमर्समध्ये तिला बुक-कीपिंग, ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स, इकॉनॉमिक्स, सेक्रेटेरियल प्रॅक्टिस असे विषय येतील आणि बहुतेक ठिकाणी सायकॉलॉजी मिळणारच नाही. म्हणजे तुम्हाला हवं होतं ते इंजिनिअरिंग-मेडिकल नाही आणि तिला हवी ती सायकॉलॉजीही नाही, भांडण मिटलं एवढंच. कॉमर्स वाईट नाही, ज्याला हिशोबात, धंद्यात, बँकेत रस आहे त्याच्यासाठी ते पहिल्या पसंतीचं आहे, पण दोन माणसांच्या मधलं अंतर मोजून त्याच्या मध्यावर मुलीला उभं करायचं याला निवड म्हणत नाहीत. खरा मधला मार्ग हवा असेल तर तो शाखेत न शोधता विषयात शोधा. आर्ट्समध्ये सायकॉलॉजीबरोबर अर्थशास्त्र घ्यायचं, आणि एखाद्या कॉलेजात आर्ट्सला मॅथ्स मिळत असेल तर तेही. बोर्डाचा मॅथेमॅटिक्स अँड स्टॅटिस्टिक्सचा पेपर आर्ट्स आणि सायन्सला एकच आहे, आर्ट्सवाल्यांना तो घ्यायची परवानगी असते, फक्त फार कमी कॉलेजं आर्ट्सला तो शिकवतात. तो मिळाला तर पुढे इकॉनॉमिक्स किंवा स्टॅटिस्टिक्सच्या चांगल्या डिग्रीची वाटही उघडी राहते, कारण त्यातल्या बऱ्याच ठिकाणी बारावीला मॅथ्स मागतात. दार उघडं ठेवायची तुमची इच्छा आणि तिची आवड दोन्ही इथे बसतात, अट एकच, मॅथ्स तिला झेपायला हवं, नाहीतर तोच ५६ टक्क्यांचा किस्सा आर्ट्समध्ये.

पावणेतीन लाखांबद्दल. ते बाजूला ठेवा, खर्च करू नका. तिच्या रस्त्यावर मोठा खर्च अकरावी-बारावीला नाही, एमएच्या वेळी आहे, पुण्या-मुंबईत राहायचं, एंट्रन्स, इंटर्नशिप. आज क्लासला दिलेत तर त्या वेळी "आता पैसे नाहीत, लग्नाचं बघू" असं व्हायला वेळ लागत नाही, आणि तिथेच बऱ्याच मुलींचं शिक्षण अर्धवट राहतं. एफडी करा, तिला सांगा की हे तुझ्या एमएचे. घरात एवढ्या एका वाक्याने जे बदलेल ते माझ्या सगळ्या सल्ल्याने बदलणार नाही.

अॅप्टिट्यूड टेस्ट करावी का असंही तुमच्या मनात येईल. करा, पण चांगल्या ठिकाणी, पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या मानसशास्त्र विभागासारख्या संस्था ते नीट करतात. रिपोर्टमध्ये कल म्हणजे आवड आणि अभिक्षमता म्हणजे क्षमता वेगवेगळी दाखवलीय का ते बघा, आणि रिपोर्ट ऐकायला तिघंही जा. बोटांचे ठसे घेऊन करिअर सांगणारी डीएमआयटी वगैरे जे चालतं त्याला शास्त्रीय आधार नाही, त्यात पैसे घालू नका. आणि रिपोर्ट काहीही आला तरी तो कुणाच्या बाजूने जिंकायला वापरू नका, तो तिसरा माणूस बोलतोय एवढंच समजा.

ज्यांच्या घरी बाजू उलट्या आहेत, म्हणजे मुलाला सायन्सच हवंय, मित्र सगळे जातायत म्हणून, आणि आईवडील म्हणतायत की तुला झेपणार नाही, त्यांनीही हीच वही आणि हेच फिजिक्सचे दोन धडे वापरावेत. तिथे एक जास्तीची सोय आहे : अकरावी सायन्स करून बारावीला आर्ट्स किंवा कॉमर्सला बदलता येतं, परवानगी काढावी लागते आणि राहिलेला अकरावीचा भाग स्वतः भरून काढावा लागतो, उलटीकडून सायन्सला येता येत नाही. म्हणून ज्याला सायन्सची खरी ओढ आहे पण खात्री नाही त्याने सायन्सने सुरुवात करणं समजण्यासारखं आहे, फक्त पहिल्या सत्राच्या निकालाला बसून बोलायचं आधीच ठरवा आणि तेव्हा "बघ सांगत होतो" हे वाक्य घरात कुणी उच्चारायचं नाही.

शेवटी फॉर्म. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत, सांगलीसुद्धा त्यात आलं. पसंतीक्रमात दहापर्यंत कॉलेजं टाकता येतात, पण पहिल्या नंबरला टाकलेलं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे "आत्ता सायन्स टाकून ठेवू, घरातलं मिटलं की बघू" असं करू नका, पहिला नंबर घरातलं मिटल्यावरच लिहायचा. आणि तो लिहायच्या आधी तिलाच दोन-तीन कॉलेजांच्या ऑफिसात पाठवा, हे विचारायला : आर्ट्सला सायकॉलॉजी आहे का, त्याबरोबर इकॉनॉमिक्स एकाच गटात घेता येतं का, मॅथ्स मिळतं का, आणि सायकॉलॉजीला पूर्ण वेळ शिक्षक आहे की तासिका तत्त्वावर. माहितीपत्रकात विषय छापलेला असतो आणि प्रत्यक्षात पुरेशी मुलं नाहीत म्हणून तुकडी सुरूच होत नाही असं होतं, ते ऑफिसात विचारल्याशिवाय कळत नाही.